अब्बांचे नवे जोडे

मुलांनो, तुमच्या घरात आजोबा, नाना किंवा अब्बा सकाळी फिरायला जातात का? ते कोणते जोडे घालून जातात? आज घरी गेल्यावर ते जोडे हातात घेऊन पाहा. टाचेकडची बाजू चेपलेली आहे का? पुढच्या टोकाला आतून अंगठ्याने भोक पाडले आहे का? सोल एकाच बाजूने झिजला आहे का? जोडे बोलत नाहीत, पण ते पायांची बरीच हकीकत सांगतात. या धड्यात अशाच एका जोड्याची गोष्ट आहे.

गोष्ट धाराशिव शहरातली आहे. या शहराचे नाव पूर्वी उस्मानाबाद होते. २०२३ साली ते धाराशिव झाले. जुनी माणसे बोलताना अजून दोन्ही नावे घेतात. या शहरातल्या एका घरात एक मुलगी राहते. आपण तिला सलमा म्हणू. सलमा एका शाळेत शिकवते. तिचे अब्बा एस. टी. मध्ये कंडक्टर होते. धाराशिवहून तुळजापूर, तुळजापूरहून सोलापूर, आणि पुन्हा परत. गाडीत बसायला जागा असली तरी कंडक्टरला ती फारशी मिळत नाही. अब्बांचे अर्धे आयुष्य उभ्याने गेले. आता ते निवृत्त झाले आहेत.

अब्बांना मधुमेह आहे. घरात सगळे त्याला ‘शुगर’ म्हणतात. रोज चालावे, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. म्हणून फजरची नमाज झाली की अब्बा तुळजाभवानी क्रीडा संकुलाकडे निघत. तिथे मैदानाला चकरा मारत. नोकरीत घालायचे तेच काळे चामड्याचे बूट त्यांच्या पायात असत. बूट मजबूत होते. “अजून दोन वर्षे जातील,” असे अब्बा अभिमानाने सांगत.

एके दिवशी सलमा कपडे धूत होती. अब्बांच्या डाव्या मोज्यावर करंगळीजवळ तिला तांबूस डाग दिसला. तिने अब्बांचा पाय पाहिला. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला मोठा फोड आला होता आणि तो फुटलाही होता.

“अब्बा, हे कधी झाले?” तिने विचारले.

“काय झाले?” अब्बांनी उलट विचारले. ते वाकून पाय पाहू लागले.

सलमाला फोडाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती अब्बांच्या या प्रश्नाची. एवढा फोड फुटला, रक्त आले, आणि त्यांना ते कळलेही नव्हते! तुम्हाला नवी चप्पल चावली तर तुम्ही दहा पावलांत लंगडू लागता. अब्बा मात्र त्या फोडावर तासभर चालून आले होते.

दुसऱ्या दिवशी दोघे सरकारी दवाखान्यात गेले. सिस्टरने जखम धुऊन पट्टी बांधली. मग ती म्हणाली, “चाचा, आता डोळे मिटा. मी तुमच्या पायाच्या बोटाला हात लावीन. कळले की ‘डावा’ किंवा ‘उजवा’ एवढेच सांगा.”

अब्बांनी डोळे मिटले. सिस्टरने आपल्या बोटाच्या टोकाने त्यांच्या उजव्या अंगठ्याला अगदी हलका स्पर्श केला. तिने बोट दाबले नाही, घासलेही नाही. फक्त एक-दोन सेकंद टेकवून ठेवले. “उजवा,” अब्बा म्हणाले. मग तिने उजव्या करंगळीला स्पर्श केला. अब्बा गप्प राहिले. डाव्या अंगठ्याचा स्पर्श त्यांना कळला. डाव्या करंगळीचा कळला नाही. मग उजवे मधले बोट कळले, डावे मधले बोट कळले नाही. अशा सहा जागा झाल्या. सहापैकी तीन स्पर्श अब्बांना कळले नव्हते.

ही तपासणी इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रुग्णालयात सुरू झाली. तिला कोणतेही यंत्र लागत नाही. दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असे समजतात. बरीच वर्षे रक्तातली साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. ही सुरुवात बहुधा बोटांच्या टोकांपासून होते. दुखत नाही, म्हणून माणसाला वाटते की सगळे ठीक आहे.

इथे थोडे थांबून एक जुनी हकीकत सांगतो. डॉ. पॉल ब्रँड नावाचे एक शल्यचिकित्सक १९४६ साली तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या रुग्णालयात आले. त्यांनी कुष्ठरोग्यांचे हात आणि पाय बारकाईने पाहिले. त्या काळी लोकांना वाटे की या रोगात बोटे आपोआप झडतात. ब्रँड यांना वेगळेच दिसले. रोगामुळे नसा बधिर होतात. मग खडा टोचला, चटका बसला, जोडा घासला, तरी रोग्याला कळत नाही. तो त्याच जखमेवर चालत राहतो, आणि जखम वाढत जाते. म्हणजे पायाचे नुकसान न कळलेल्या जखमांनी होते. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या पादत्राणांवर बरेच काम केले. बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला आपल्याकडे वापरात आल्या त्या अशा कामातून. दवाखान्यात त्यांना ‘एम. सी. आर.’ चपला म्हणतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांनाही हेच सगळे लागू पडते.

सिस्टरने सलमाला दोन गोष्टी सांगितल्या. जखम भरेपर्यंत अब्बांनी फिरायला जायचे नाही, आणि ते काळे बूट पुन्हा घालायचे नाहीत. “नवे जोडे घ्या,” ती म्हणाली, “पण चाचांना एकट्याला दुकानात पाठवू नका. ते घट्ट जोडाच घेऊन येतील.”

“घट्टच का?” सलमाने विचारले.

सिस्टरचे उत्तर नीट वाचा, कारण या धड्यातली मुख्य गोष्ट तीच आहे. जोडा पायाला बरोबर बसला, हे आपल्याला पायाच्या जाणिवेने कळते. जोडा पायाला थोडा टेकतो आणि आपण म्हणतो, “बसला.” बधिर पायाला हे थोडे टेकणे कळत नाही. बरोबर मापाचा जोडा त्याला सैल वाटतो. तो जोडा पायाला आवळू लागतो, तेव्हा कुठे त्याला काहीतरी कळते. मग माणूस म्हणतो, “हा छान बसला.” म्हणून अशा माणसाने जोडा निवडताना पायाला विचारून चालत नाही. मापाला विचारावे लागते.

जखम भरायला तीन आठवडे लागले. डॉक्टरांनी पाय पाहून चालायला परवानगी दिली. मग एका शनिवारी सलमा म्हणाली, “अब्बा, आज असरनंतर जोडे घ्यायला जाऊ.”

“सकाळीच जाऊन येऊ की. दुकानात गर्दी नसते,” अब्बा म्हणाले.

“नाही अब्बा, संध्याकाळीच जायचे.”

याचे कारण तुमच्या लक्षात आले का? दिवसभर उभे राहून आणि चालून पायांना थोडी सूज येते. सकाळी घेतलेला जोडा संध्याकाळी आवळतो. संध्याकाळी घेतलेला जोडा मात्र दिवसभर चालतो.

निघण्यापूर्वी सलमाने फरशीवर भिंतीला लागून एक कोरा कागद ठेवला. अब्बांना त्यावर टाच भिंतीला टेकवून उभे केले. बसून माप घेतले तर ते कमी भरते. उभे राहिल्यावर अंगाचा भार पडतो आणि पाय पसरतो. तिने पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारली. पेन्सिल तिरकी झाली की माप चुकते. मग टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत पट्टीने मोजले. अब्बांचे सगळ्यात लांब बोट अंगठा नव्हे, अंगठ्याजवळचे बोट होते. पुष्कळांचे तसे असते. डावा पाय २६.२ सेंटिमीटर भरला आणि उजवा २५.७. दोन्ही पाय सारखे नसतात, हे बहुतेकांना माहीत नसते. जोडा नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा.

तिने कागदाची आकृती कात्रीने कापून घेतली. अब्बांचे सुती मोजेही पिशवीत टाकले. जे मोजे रोज घालायचे, तेच घालून जोडा पाहावा लागतो.

बाजारात एका जुन्या दुकानात दोघे गेले. दुकानदाराने अब्बांना ओळखले. “या चाचा, बसा. किती नंबर?”

“सात,” अब्बा लगेच म्हणाले. “तीस वर्षे सातच घालतो.”

आपल्याकडे जोड्यांचे हे नंबर इंग्लंडमधून आले. त्यांचे मूळ गमतीचे आहे. तिथे जवाच्या दाण्याची लांबी हे एक माप होते. तीन दाणे म्हणजे एक इंच. जोड्याचा एक नंबर वाढला की लांबी एका दाण्याने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते. सात नंबरच्या जोड्याची आतली लांबी साधारण २७ सेंटिमीटर असते आणि आठ नंबरची साधारण २८. कारखान्याप्रमाणे यात थोडा फरक पडतो, म्हणून नुसत्या नंबरावर विसंबता येत नाही.

आता हिशोब करा. अब्बांचा मोठा पाय २६.२ सेंटिमीटर आहे. सात नंबरात पुढे एक सेंटिमीटरसुद्धा जागा उरत नाही. चालताना पाय दर पावलाला थोडा पुढे सरकतो. तेव्हा बोटे समोर आपटतात. आठ नंबरात पावणेदोन सेंटिमीटर जागा उरते. मोठ्या माणसाच्या हाताचा अंगठा आडवा धरला तर साधारण तेवढी जागा होते.

“आठ नंबर दाखवा,” सलमा म्हणाली.

“अगं, माझा पाय या वयात वाढला का?” अब्बा हसले.

तो वाढला नव्हता, पसरला होता. वय झाले की पायातल्या हाडांना बांधून ठेवणारे बंध सैल होतात. तळव्याची कमान खाली बसते. पाय थोडा लांब आणि थोडा रुंद होतो. तरुणपणीचा नंबर म्हातारपणी चालेलच असे नाही.

तरीही अब्बांनी हट्टाने सात नंबरचा जोडा मागून घेतला. तो घातला, उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा खुलला. “बघ! कसा छान बसला. उगाच आठ कशाला?”

सलमाने वाद घातला नाही. तिने त्या जोड्यातला सुकतळा बाहेर काढला. जोड्याच्या आत जो सुटा तळ असतो, त्याला सुकतळा म्हणतात. तो जमिनीवर ठेवून ती म्हणाली, “अब्बा, यावर उभे राहा.” अब्बा उभे राहिले. त्यांची करंगळी सुकतळ्याच्या बाहेर गेली होती. जिथे फोड आला होता, नेमकी तीच जागा बाहेर होती. जोडा घातल्यावर ती जागा जोड्याच्या भिंतीवर दाबली जाणार होती.

अब्बा बराच वेळ खाली पाहत राहिले. “मला तर काहीच लागत नाही,” ते हळूच म्हणाले.

“म्हणूनच कागद आणला, अब्बा.”

दुकानदार हुशार होता. त्याने आठ नंबरचा चकचकीत चामड्याचा बूट काढला. त्याची लांबी बरोबर होती, पण पुढचे टोक निमुळते होते. सलमाने कापलेली आकृती सुकतळ्यावर ठेवली. बोटांच्या जागी कागद दोन्ही बाजूंनी बाहेर आला. लांबी पुरली तरी रुंदी पुरली नाही. अशा वेळी काही लोक नऊ किंवा दहा नंबर घेतात. मग पुढे रुंदी मिळते, पण टाच सैल होते आणि घासून सोलते. नंबर वाढवून रुंदीची अडचण सुटत नाही. पुढून गोल आणि रुंद असा दुसरा जोडा पाहावा लागतो.

मग जाळीदार कापडाचे, रुंद टोकाचे बूट निघाले. ते हलके आणि मऊ होते. कागद सुकतळ्यात व्यवस्थित मावला. सलमाने बूट हातात घेतला आणि टोक व टाच धरून वाकवला. तो मधोमध चपातीसारखा दुमडला. तिने तो परत ठेवला. आपला पाय मधोमध वाकत नाही. तो चवड्याजवळ, म्हणजे बोटांच्या मुळाशी वाकतो. जोडाही तिथेच वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा जोडा तळव्याला आधार देत नाही. मऊ असणे आणि आधार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात हात लावून फक्त पहिलीच कळते.

“आता एकच राहिला,” दुकानदार म्हणाला आणि त्याने वरच्या फळीवरून एक डबा काढला. राखाडी रंगाचे बूट होते. पुढून गोल, वरून जाळीचे, आणि बंद करायला नाडीऐवजी चिकटपट्टी. सलमाने ते वाकवून पाहिले. ते चवड्याजवळच वाकले. टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबली. ती चेपली नाही. शेवटी तिने हात आत घालून सगळीकडे फिरवला. आत जाड शिवण नव्हती, टोचणारे काही नव्हते.

अब्बा मोजे आणि बूट घालून उभे राहिले. सलमाने पुढे दाबून पाहिले. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठाभर जागा होती. दुकानाबाहेरच्या कडक फरशीवर अब्बा चार चकरा चालले. टाच बुटातून वर येत नव्हती.

“सैल वाटतो,” अब्बा म्हणाले.

“वाटू द्या,” सलमा म्हणाली.

चिकटपट्टी पाहून मात्र अब्बा मनापासून खूश झाले. याचे कारण वेगळे होते. ते दिवसातून पाच वेळा मशिदीत जातात. दर वेळी नाडी सोडायची आणि बांधायची, याचा त्यांना कंटाळा येई. म्हणून ते जुन्या बुटाची टाचेकडची बाजू चेपून तो सपातीसारखा घालत. त्यामुळे पाय बुटात पुढेमागे सरकत असे. चांगला बूट असा वापरला तर महिन्याभरात खराब होतो. चिकटपट्टीचा बूट एका हाताने उघडतो आणि पुन्हा नीट आवळता येतो. माझ्या मते पन्नाशीनंतर वाकायला त्रास होणाऱ्या सगळ्यांनीच नाडीचा मोह सोडावा. पण नाडीचे बूट जास्त रुबाबदार दिसतात, हे अब्बांचे म्हणणेही खरे आहे.

“किंमत किती?” अब्बांनी विचारले. आकडा ऐकून ते लगेच बूट काढू लागले. “एवढ्यात तर दोन जोड येतात!”

“अब्बा, गेल्या महिन्यात पट्टी बदलायला आपण किती वेळा रिक्षाने गेलो?” सलमाने विचारले. अब्बांनी मनात हिशोब केला. कंडक्टरचा हिशोब पक्का असतो. ते काही न बोलता पुन्हा बूट घालू लागले.

नवे बूट घेतले म्हणजे दुसऱ्याच दिवशी मैदानावर जायचे, असे नसते. पहिल्या दिवशी अब्बांनी ते घरातच अर्धा तास घातले. मग सलमाने पाय पाहिले. डाव्या टाचेवर थोडी लाली होती. अर्ध्या तासाने ती पुन्हा पाहायला आली, तेव्हा लाली गेली होती. लाली तशीच राहिली असती, तर तिथे जोडा दाबतो आहे असे समजून बूट परत करावे लागले असते. म्हणून तिने पावती आणि डबा जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी एक तास, तिसऱ्या दिवशी दोन तास, असे करत आठवडा गेला.

अब्बांनी काही नव्या सवयी लावून घेतल्या. वजू झाल्यावर ते पाय पुसतात, आणि बोटांच्या मधल्या जागाही कोरड्या करतात. तिथे ओल राहिली की कातडी मऊ पडून चिरते. धाराशिवला मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो आणि मशिदीच्या अंगणातली फरशी तापते. बधिर पायाला तो चटका कळत नाही, म्हणून ते मोजे घालूनच तिथून जातात. रात्री झोपण्यापूर्वी ते जमिनीवर आरसा ठेवून तळवे पाहतात. कुठे भेग, फोड किंवा लाल डाग दिसला, तर सलमाला हाक मारतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ज्याच्या पायाची बोटे वाकडी झाली आहेत, किंवा ज्याच्या तळव्याला आधी मोठी जखम होऊन गेली आहे, त्याला दुकानातला जोडा पुरत नाही. त्याच्यासाठी पायाचा साचा घेऊन जोडा बनवावा लागतो. तो कसा आणि कुठे बनवायचा, हे डॉक्टरच सांगतात.

आठव्या दिवशी फजरनंतर अब्बा निघाले. सलमा दारात उभी होती. अब्बांनी उजवा बूट उचलला, उलटा करून झटकला, आणि मग हात आत घालून पाहिले. बुटातून जोंधळ्याचा एक दाणा खाली पडला. घरात धान्य निवडताना तो उडाला असावा. अब्बांनी तो उचलून सलमाच्या हातावर ठेवला आणि डावा बूट झटकायला घेतला.

स्वाध्याय

१. अब्बांना सात नंबरचा जोडा ‘छान बसला’ असे का वाटले? तुमच्या शब्दांत सांगा.
२. एका माणसाचा डावा पाय २४.६ सेंटिमीटर आणि उजवा २४.९ सेंटिमीटर आहे. पुढे दीड सेंटिमीटर जागा हवी, तर जोड्याची आतली लांबी किती असावी?
३. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचे पाय कागदावर आखा. त्यांच्या रोजच्या जोड्यातला सुकतळा निघत असेल तर काढून आकृतीशेजारी ठेवा. काय दिसले, ते पाच वाक्यांत लिहा.